तुम्ही विचारलंत म्हणून: लाखावर सोळाशेच का?

"लिलावाच्या निकालात साडेसहा टक्के छापलं होतं. एक लाखाच्या ट्रेझरी बिलावर माझ्या हातात सोळाशेच रुपये जास्तीचे आले. बाकीचे कुठे गेले?"

कुठेही गेले नाहीत. साडेसहा हा वर्षाचा दर आहे आणि तुमचे पैसे गुंतले होते ९१ दिवस. एवढं सांगितलं की बहुतेक जण मान डोलावतात, घरी जाऊन स्वतः गणित करतात आणि तिथे आकडा येतो ६.४२. मग दुसरा फोन येतो, की निकालात ६.५२ आहे, माझं ६.४२ का येतंय? खरा प्रश्न हा दुसरा आहे, आणि त्याच्या मुळाशी आम्हीच वर्षानुवर्षं दिलेलं एक सोपं उत्तर आहे.

"सरकार व्याज आधीच कापून देतं" असं आम्ही सांगत आलो. मीही सांगायचो. ऐकणाऱ्याला ते लगेच पटतं, आणि तिथेच घोटाळा होतो. व्याज कापलं म्हटलं की माणूस समजतो, आपण १०० रुपये दिले आणि त्यातले १ रुपया ६० पैसे परत आले. तुम्ही १०० दिलेलेच नसतात. बिल ९८.४० ला मिळालं, म्हणजे तुमच्या खिशातून ९८.४० गेले. मुदत संपल्यावर दर्शनी किंमत, म्हणजे पूर्ण १०० येतात. कमाई १.६०, पण ती ९८.४० वर. म्हणून वर्षाचा दर, म्हणजे यील्ड, काढताना भागायचं ते किमतीने:

यील्ड = (१०० − किंमत) ÷ किंमत × ३६५ ÷ दिवस × १००

१.६० ला ९८.४० ने भागलं की ०.०१६२६ येतात. त्याला ३६५ ÷ ९१ ने, म्हणजे ४.०११ ने गुणलं आणि शंभरपट केलं, की ६.५२ टक्के. हेच १०० ने भागून केलं तर ६.४२. दहा पैशांचा फरक किरकोळ वाटेल, पण मुदत वाढली की तो फुगतो. ३६४ दिवसांचं बिल ९३.९० ला घेतलं, तर किमतीने भागून ६.५१ येतात आणि १०० ने भागून ६.१२. जवळजवळ चाळीस पैसे! बँकेच्या मुदतठेवीशी तुलना करताना ६.१२ हाताशी धरलं, तर बिल उगाच नापास होतं.

आणखी एक आकडा वाट चुकवतो. अमेरिकेतल्या बिलांचा दर सांगण्याची जुनी रीत दर्शनी किमतीवर आणि ३६० दिवसांच्या वर्षावर चालते. तिकडचं कॅल्क्युलेटर वापरलंत, तर आपलं ९८.४० चं बिल ६.३३ दाखवेल. कॅल्क्युलेटर बरोबर आहे, पण आपल्याकडे दर त्या रीतीने सांगत नाहीत.

दिवस मोजताना सुरुवात लिलावाच्या दिवसापासून करू नका. लिलाव साधारणपणे बुधवारी होतो, पैसे आणि बिल यांची देवघेव गुरुवारी. मोजणी त्या गुरुवारपासून. ९१, १८२ आणि ३६४ या तिन्ही मुदतींना सातने पूर्ण भाग जातो, म्हणून गुरुवारी घेतलेलं बिल गुरुवारीच फिटतं. तुमच्या मोजणीत दुसरा वार आला, तर चूक तिथेच सापडली म्हणून समजा.

किंमत कुठली धरायची, यावरही तक्रारी येतात. किरकोळ गुंतवणूकदार दहा हजारांपासून बोली लावतो तेव्हा तो दर सांगत नाही, फक्त रक्कम सांगतो. त्याला बिल मिळतं ते यशस्वी बोलींच्या भारित सरासरी किमतीला. बातमीत मात्र कट-ऑफ येतो, म्हणजे स्वीकारलेल्या बोलींतली सगळ्यात कमी किंमत. समजा कट-ऑफ ९८.४० आणि सरासरी ९८.४१. तुमचं यील्ड ६.४८ होईल, ६.५२ नाही. यात कुणी काही कापलेलं नाही. स्वतःच्या व्यवहारावरची किंमत घ्या, बातमीतली नको.

आता मुदतीआधी विकण्याबद्दल. इथे लोक खरोखर दुखावतात, आणि त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही.

९८.४० चं तेच बिल धरू. ४१ दिवसांनी पैशांची गरज लागली, ५० दिवस उरले. सूत्र उलटं फिरवलं की किंमत निघते: १०० भागिले (१ + दर × उरलेले दिवस ÷ ३६५). दरम्यान बाजारात दर ७ टक्क्यांवर गेला असेल, तर घेणारा ९९.०५ च देईल. तुमची कमाई ६५ पैसे. ती ९८.४० वर, ४१ दिवसांत, म्हणजे वर्षाला ५.८८ टक्के. बिल सरकारचं होतं, बुडालं काहीच नाही, तरी ६.५२ पदरात पडले नाहीत. ६.५२ हे शेवटच्या दिवसापर्यंत थांबणाऱ्याचं यील्ड. मधे उठणाऱ्याला त्या दिवशीचा बाजार.

इथपर्यंत पटतं. पुढचं पटत नाही: दर तसूभर हलला नाही, ६.५२ च राहिला, तरी ४१ व्या दिवशी विकणाऱ्याला ६.५२ मिळत नाहीत. किंमत येते ९९.११, म्हणजे कमाई साधारण ७१ पैसे, आणि दशांश न तोडता हिशेब केला की ६.४६ टक्के. दलालीचा यात संबंध नाही, ती वेगळी. कारण सूत्रातच आहे. हे सरळव्याज आहे. उरलेल्या ५० दिवसांचे ६.५२ टक्के घेणारा मोजतो ते तुमच्या ९८.४० वर नव्हे, त्याने दिलेल्या ९९.११ वर. त्याचं मुद्दल मोठं, म्हणून त्याच दराने त्याच्या वाट्याला थोडं जास्त जातं, आणि एकूण १.६० ठरलेले असल्यामुळे तुमच्या वाट्याला थोडं कमी उरतं. "दर तोच होता ना?" असं विचारणाऱ्याला मी पूर्वी "राउंडिंगचा फरक" म्हणून गप्प करत असे. ते उत्तर चूक होतं.

याच सरळव्याजाची दुसरी बाजू तुमच्या फायद्याची आहे. ९१ दिवसांचं ६.५२ आणि ३६४ दिवसांचं ६.५१ निकालात शेजारी शेजारी दिसतात आणि सारखे वाटतात. पण तीन महिन्यांनी आलेले पैसे त्याच दराने पुन्हा पुन्हा गुंतवले, तर वर्षाखेरीस ६.६८ पडतात. ३६४ वाल्याला ही संधी नाही, त्याचं ६.५१ ते ६.५१ च. अर्थात दर तोच राहिला तर. पुढच्या तीन लिलावांत दर उतरला, तर ६.६८ कागदावरच राहतील आणि लांबचं बिल घेणारा शहाणा ठरेल. ६.६८ सांगावं तर लोक ते हमी समजतात, न सांगावं तर दोन मुदतींची तुलना खोटी पडते. मी हल्ली ६.५२ आधी सांगतो आणि ६.६८ विचारलं तरच. हेही बरोबर करतो आहे याची मला खात्री नाही.