नव्या शेळ्या अजून वेगळ्याच वाड्यात : लेंडीच्या तपासणीने मुक्काम वाढवला

आठवडी बाजारातून आणलेल्या दोन उस्मानाबादी शेळ्या आणि एक पाट मुख्य गोठ्यापासून लांबच्या वाड्यात आहेत. त्यांची गव्हाण, बादल्या, खराटा सगळं वेगळं. आधी जुना कळप, मग नवा, हा कामाचा क्रम मोडत नाही. नव्यांकडे जाताना गमबूटही वेगळे. दारात धुण्याच्या सोड्याचं पाणी ठेवलंय, पण बूट आधी ब्रशने घासतो. शेण-मातीने माखलेला बूट नुसता बुडवून काही उपयोग नाही.

किमान २१ दिवस वेगळं ठेवायचा हिशेब पीपीआर आणि लाळ्या-खुरकूत या विषाणूंच्या रोगांचा. पीपीआरची लागण झाल्यावर साधारण ४ ते ६ दिवसांत ताप चढतो, कधी १० दिवसही लागतात. लाळ्या-खुरकूत १४ दिवसांपर्यंत लपून राहू शकते. म्हणून रोज सकाळी चाऱ्याआधी ताप बघतो, नाक-डोळे बघतो, तोंडात फोड आहेत का पाहतो. मध्येच नवं जनावर वाड्यात घातलं, तर सगळ्यांचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. जुन्या कळपाला पीपीआरची लस नव्या शेळ्या यायच्या बऱ्याच आधी दिली होती.

तिघींनाही ताप नाही, फोड नाहीत. अडलंय ते जंतांवर. आल्या आल्या लेंडी तपासायला दिली. थोरल्या शेळीच्या लेंडीत ग्रॅममागे १४०० अंडी निघाली. खालच्या पापणीची आतली बाजूही फिकी होती, म्हणजे रक्त पिणाऱ्या जठरातल्या जंताचा संशय. वजन करून अल्बेन्डाझोल दिलं (ती गाभण नाही याची खात्री करून, सुरुवातीच्या गाभणपणात हे औषध टाळतात). १४ दिवसांनी पुन्हा तपासलं तर ५०० अंडी. म्हणजे घट फक्त ६४ टक्के. ९५ टक्क्यांच्या खाली घट आली की औषध जंतांवर चालत नसल्याचा संशय घ्यावा, असा ठोकताळा आहे. ही नवी लागण म्हणावी तर ती बांधून आहे, चरायला गेलेली नाही. शिवाय पोटात गेलेल्या अळीचा जंत होऊन अंडी घालायला साधारण तीन आठवडे लागतात. मग ही अंडी औषधातून वाचलेल्या जंतांचीच असणार.

ती तशीच कुरणात सोडली असती, तर औषधाला न जुमानणारे जंत माझ्या गवतावर पसरले असते आणि पुढे जुन्या कळपालाही अल्बेन्डाझोल देऊन फायदा झाला नसता. विषाणूंची धास्ती सगळे घेतात, या जंतांकडे मात्र फारसं कुणी बघत नाही.

डॉक्टरांनी आता दुसऱ्या गटातलं लेव्हामिसोल दिलंय. त्याचा डोस वजनावर काटेकोर लागतो, जास्त झाला तर शेळी थरथरते, लाळ गाळते. अंदाजाने पाजायचं औषध नाही. वाड्यातली लेंडी वेगळ्या खड्ड्यात झाकून ठेवतोय, चराईच्या बाजूला अजिबात नेत नाही.

पुढची तपासणी झाली की आकडा टाकतो. घट नीट दिसली, तर कळपात मिसळण्याआधी जुन्या कळपातला एक बोकड त्यांच्याच वाड्यात काही दिवस ठेवून तो आजारी पडतो का ते बघणार आहे.