तुम्ही विचारलंत म्हणून: नोंद कुठे अडली आहे

“खरेदीखत होऊन एवढे महिने झाले, मग सातबाऱ्यावर अजून तुमचं नाव कसं नाही? तलाठ्याला भेटलात की नाही?”

भेटले. तलाठ्याकडे काहीही अडलेलं नाही, हे आधी सांगते. आजकाल बिचाऱ्याला सगळ्यांचे बोल खावे लागतात. दस्त नोंदला की दुय्यम निबंधकांकडून त्याची माहिती ऑनलाइनच तहसीलला आणि तिथून तलाठ्याच्या लॉगिनला जाते. आमचंही तसंच झालं. फेरफाराला क्रमांक पडला, नोटिसा निघाल्या आणि सातबाऱ्याच्या तळाशी ‘प्रलंबित फेरफार’ म्हणून तो क्रमांक दिसायला लागला. ‘आपली चावडी’वर गाव निवडलं की हरकतीची शेवटची तारीखही दिसत होती. नोटिशीचे पंधरा दिवस कोणाची हरकत न येता गेले असते, तर मंडळ अधिकाऱ्यांनी कागद तपासून नोंद प्रमाणित केली असती आणि विषय संपला असता.

पण हरकत आली. विकणाऱ्या दोन भावांच्या बहिणीची.

आता तुम्ही म्हणणार, आधी बघितलं नव्हतं का? बघितलं होतं. वकिलांनी तीस वर्षांचा शोध घेतला, पेपरात जाहीर नोटीस दिली, जुने फेरफार काढले. वडील गेल्यावरच्या वारस फेरफारात आई आणि दोन मुलगे एवढीच नावं होती, पुढे आईही गेली. सातबाऱ्यावर जे खातेदार होते, त्या दोघांनीच सह्या केल्या. यात मी काय सोडलं, ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही. आणि तरीही जिनं हरकत घेतली, तिचं म्हणणं खोटं नाही. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, हे लोकांच्या गळी उतरवता उतरवता मी थकले आहे.

हरकत आली की सगळी वाटच बदलते. नोंद साधी राहत नाही, वादग्रस्त होते. ती गाव नमुना सहा-अ मध्ये, म्हणजे तक्रारींच्या नोंदवहीत चढते, दोन्ही बाजूंना नोटिसा जातात आणि सुनावणी लागते. असे वाद शक्यतो वर्षाच्या आत निकाली काढावेत, असं जमीन महसूल संहितेत आहे. ‘शक्यतो’ या शब्दावर माझी फाईल उभी आहे.

सुनावणीचं सांगते, कारण खरं उत्तर तिथेच आहे. मंडळ अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर एका बाजूला मी आणि ते दोघे भाऊ, दुसऱ्या बाजूला ती आणि तिचा जावई. फायलीत खरेदीखत, सूची दोन, विकणाऱ्यांचा सातबारा आणि त्याखाली माझ्या माहेरचा सातबारा. शेतजमीन घ्यायची तर आपण शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. माझा पुरावा तोच. वडील गेल्यावर भावांनी स्वतःहून माझं नाव लावलं, म्हणून मी शेतकरी आणि म्हणून ही जमीन घेऊ शकले. समोरच्या बाईची तक्रार काय, तर तिच्या भावांनी तेच केलं नाही.

साहेबांनी तिचा अर्ज वाचला. वारस नोंद करताना मला कळवलं नाही, जमीन वडिलांची आहे, माझी संमती नसताना विकली, एवढंच त्यात होतं. साहेबांनी विचारलं, “ताई, तुम्ही दिवाणी दावा लावलाय का? कोर्टाची मनाई आहे?” ती म्हणाली, “नाही साहेब. पण मी त्यांची मुलगी आहे ना?” साहेब म्हणाले, “ते मी नाही म्हणत नाही. पण हिस्सा ठरवायचा अधिकार मला नाही, तो कोर्टाला.” थोरल्या भावाने मध्येच सुरू केलं, “हिच्या लग्नात आम्ही...” साहेबांनी त्याला थांबवलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “तुमच्याशी माझं भांडण नाही हो, पण तुम्ही घेतलेल्यात माझं आहे.” मला काही बोलता आलं नाही. वकिलांनी माझ्या वतीने सांगितलं की दस्त नोंदणीकृत आहे, पूर्ण मोबदला देऊन घेतला आहे. तेही खरंच आहे.

घरी आल्यावर मी स्वतःशीच भांडले. खरेदीच्या वेळची मी म्हणत होते, खरेदीखत झालं की जमीन आपली, नोंद ही पुढची औपचारिकता. कायद्याने पहिला भाग बरोबर आहे. फेरफाराने मालकी येत नाही, ती दस्ताने येते, आणि हे सुप्रीम कोर्टाने वारंवार सांगितलं आहे. पण ज्याने विकलं त्याचा जेवढा हक्क, तेवढाच दस्ताने येतो. बहिणीचा हिस्सा भावांना विकता येतच नसेल, तर माझ्या दस्तात तो आला कुठून? मुलगी बापाची वारस आहे, हे १९५६ पासूनचं आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने ती वडिलार्जित मिळकतीत जन्मापासून भागीदारही झाली. आणि नोंद नुसती औपचारिकता असती, तर पीक कर्जाला बँकेने मला परत पाठवलं नसतं, ई-पीक पाहणीही अजून त्या भावांच्याच खात्यावर होत नसती.

“पुढाऱ्याला सांग, पैसे दे, होऊन जाईल,” असा सल्ला देणाऱ्यांना हात जोडते. कोणी घाईघाईने नोंद मंजूर केली तरी ती प्रांतांकडे अपिलात जाणारच. हरकतदाराला नोटीस न देता, म्हणणं न ऐकता घेतलेला निर्णय तिथे टिकत नाही, आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. मला माझ्या फायलीत त्या बाईचं म्हणणं नीट नोंदलेलं हवं आहे. माझ्या फायद्यासाठीसुद्धा.

तुमचंही असंच अडकलं असेल, तर ‘झालं का?’ असं तोंडी विचारून काही हाती लागत नाही. फेरफार क्रमांक हातात ठेवा आणि आपली फाईल नेमक्या कुठल्या टप्प्यावर आहे ते विचारा. नोटिसा सगळ्यांना बजावल्या का, पोच फायलीत लागली का? पुष्कळ नोंदी हरकतीने नाही, एखाद्याची नोटीस न पोहोचल्याने पडून असतात, आणि ते विचारल्याशिवाय कळत नाही. हरकत असेल तर अर्जाची प्रत मागा, तक्रार नोंदवहीतला क्रमांक घ्या, प्रत्येक तारखेचा रोजनामा बघा. अर्ज लेखी द्या आणि आवक शिक्का घ्या. निकाल लागला की लगेच नक्कल काढा, कारण प्रांतांकडे अपील करायची मुदत साठ दिवसांची असते. नोंद नामंजूर झाली आणि तुम्हाला उशिरा कळलं, तर आधी विलंब माफीसाठीच भांडत बसावं लागतं.

माझ्या प्रकरणाची सुनावणी संपली आहे, आता निकाल यायचा आहे. वकील म्हणतात, कोर्टाची मनाई नाही आणि दस्त नोंदणीकृत आहे, त्यामुळे नोंद मंजूर व्हायला हरकत नाही. मग ती बाई अपिलात जाईल, किंवा दिवाणी कोर्टात वाटणीचा दावा लावेल आणि त्यात मलाही प्रतिवादी करेल. दुसरा मार्ग आहे: तिने नोंदणीकृत संमतीचा दस्त करून द्यावा आणि भावांनी तिला तिचा मोबदला द्यावा. धाकटा तयार आहे, थोरला नाही. तो म्हणतो, पैसे संपले. त्याच्या वाटचे मी द्यावेत, असं आमच्या घरात एकाचं मत आहे. जमिनीची पूर्ण किंमत एकदा देऊन झाल्यावर पुन्हा का द्यायची, हे मला पटत नाही. आणि त्या बाईला काहीच मिळू नये, हेही पटत नाही. थोरल्याला पुढच्या आठवड्यात वकिलांकडे बोलावलं आहे, येतो म्हणालाय.