चौथ्या आठवड्याचं अंतर

"मॅरेथॉनसाठी बारा आठवड्यांचा प्लॅन घेतलाय. चौथ्या आठवड्यात अंतर एकदम खाली आणलंय आणि शेवटचे तीन आठवडे तर नुसतं उतरतच जातंय. मला काहीच त्रास होत नाहीये, मग कमी कशाला करू?"

त्रास होत नाहीये, हे मला मान्यच आहे. चौथ्या आठवड्यात तो बहुतेकांना होत नाहीच. तीन आठवडे नेमानं पळालं की दम टिकायला लागतो, तोच वेग हलका वाटतो, आणि आता खरी मजा येतेय असं वाटत असतानाच प्लॅन म्हणतो, थांबा.

गोम अशी आहे की शरीरातलं सगळं एका वेगानं तयार होत नाही. हृदय, रक्ताचं प्रमाण, स्नायू हे सगळं दोन-तीन आठवड्यांत सुधारायला लागतं, आणि आपल्याला जाणवतं ते तेवढंच. स्नायूबंध आणि हाडं मात्र फार सावकाश चालतात. हाडावर नवा भार आला की ते आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवं हाड भरतं. पोखरण्याचं काम लवकर उरकतं, भरायला मात्र कित्येक आठवडे लागतात. मधल्या काळात, म्हणजे भार वाढवल्यापासून साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास, हाड आधीपेक्षा थोडं कच्चं असतं. नेमकं तेव्हाच आपल्याला भन्नाट वाटत असतं. हलका आठवडा तिथे येतो तो यासाठी. चौथाच का, पाचवा का नाही, असं कोणी विचारलं तर तो आकडा काही दगडावरची रेघ नाही. चाळिशी ओलांडलेले काही जण दर तिसरा आठवडा हलका ठेवतात आणि त्यांचं छान चालतं.

आता आकडे घेऊ. समजा एखादी व्यक्ती आठवड्यात चार दिवस पळते, आठवड्याचं अंतर 40 किलोमीटर आहे आणि त्यातली लाँग रन 16ची. पहिले तीन आठवडे 40, 44, 48. चौथा 36. मग 50, 54, 58 आणि आठवा पुन्हा खाली, 42. नववा 62, हा सगळ्यात वरचा. तिथून 50, 38, आणि बाराव्यात शर्यतीआधीचे फक्त 18. लाँग रन याच्याच सोबतीनं चढते: 16, 18, 21, मग 15, 24, 26, 29, मग 18, आणि नवव्या आठवड्याच्या शेवटी 32, म्हणजे शर्यतीच्या बरोबर तीन आठवडे आधी.

यात पाचव्या आठवड्याकडे बघा. 36 नंतर थेट 50. कागदावर ही उडी मोठी दिसते, आणि दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका हा नियम पाठ असलेले इथे दचकतात. पण शरीरानं 48 पचवलेले आहेत, त्यामुळे तुलना त्या 48 शी करायची, हलक्या आठवड्याशी नाही. दहा टक्क्यांचा नियम तसाही ढोबळच आहे. मला त्यापेक्षा एकाच दिवशी मारलेल्या उडीची जास्त धास्ती वाटते. आठवड्याचा हिशेब चोख असतो आणि रविवारी कोणाच्या तरी नादानं 21 वरून एकदम 30 पळून येतात.

हलक्या आठवड्यात दिवस कमी करायचे नाहीत, प्रत्येक दिवसाचं अंतर कमी करायचं. 15ची लाँग रन, बाकी तीन दिवस सातच्या आसपास, वेगाचं काम असलंच तर थोडकं. काही जण पळणं कमी करतात आणि उरलेल्या वेळात जिममध्ये पायांचा जोरदार व्यायाम करून येतात. मग तो आठवडा हलका राहिलाच कुठे?

हलका आठवडा टाळला तर काय होतं? आमच्या ग्रुपमधल्या एकानं 36 च्या जागी 52 केले, पुढच्या आठवड्यात 56. तेव्हा काहीच झालं नाही. सहाव्या आठवड्यात नडगीच्या आतल्या बाजूला, खालच्या भागात दुखायला लागलं. दुखण्यातला फरक इथे कळला पाहिजे. नडगीवरून अंगठा दाबत खाली न्यायचा. दुखणं चार-पाच बोटं लांबीत पसरलेलं असेल आणि पळायला लागल्यावर कमी होत असेल, तर काही दिवस अंतर कमी करून बहुतेक वेळा भागतं. पण अंगठ्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, पळताना वाढत जात असेल आणि रात्री पडल्यावरही ठसठसत असेल, तर पळणं तिथल्या तिथे बंद करून डॉक्टर गाठायचे. सुरुवातीच्या काळात साध्या एक्स-रेमध्ये हाडाला गेलेली अशी बारीक चीर अनेकदा दिसतच नाही, त्यामुळे एक्स-रे चांगला आला म्हणून पुन्हा पळायला लागू नये. ग्रुपमधल्या त्या गड्याच्या एमआरआयमध्ये ती दिसली आणि त्याची शर्यत हातची गेली.

दुसरी खूण सोपी आहे. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच नाडी मोजायची. रोजच्यापेक्षा पाच-सात ठोके जास्त, असं लागोपाठ दोन-तीन दिवस दिसलं आणि झोपही तुटक असेल, तर प्लॅनमध्ये काहीही लिहिलेलं असो, तो आठवडा हलका करावा.

शेवटच्या तीन आठवड्यांचं कारण वेगळं आहे. 32 पळाल्याचा फायदा अंगात उतरायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून शर्यतीच्या दहा दिवस आधी केलेली लाँग रन फक्त थकवा देते. 2007 मध्ये टेपरवरच्या, म्हणजे शर्यतीआधी अंतर उतरवत नेण्यावरच्या, अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं होतं. त्यात सगळ्यात चांगला परिणाम दिसला तो दोन आठवड्यांच्या टेपरचा: अंतर 41 ते 60 टक्के कमी, पण वेग तोच. लोक नेमकं उलटं करतात, अंतरासोबत वेगही सोडून देतात आणि मग पाय जड झाले म्हणतात. तुमचा शर्यतीचा वेग किलोमीटरला 6 मिनिटं असेल, म्हणजे शर्यत साधारण 4 तास 13 मिनिटांची, तर दहाव्या आठवड्यात त्या वेगानं 6 किलोमीटर, अकराव्यात 4 आणि बाराव्याच्या सुरुवातीला 2 पळायचे. बाकी सगळं निवांत.

टेपरमध्ये वजन किलो-दीड किलो वाढू शकतं. घाबरू नका. स्नायूंत ग्लायकोजन साठतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत अंदाजे तीन ग्रॅम पाणी राहतं. हा साठा शर्यतीत लागणारच आहे, तेव्हा वजनकाट्याकडे बघून जेवण कमी करू नका. कधी गुडघा, कधी टाच, असं कुठे कुठे दुखल्यासारखंही वाटतं. अंगठ्याची परीक्षा इथेही चालते.

राहिल्या काही बारीक गोष्टी. मधला एखादा आठवडा तापात गेला तर तो भरून काढायचा नाही. बरं वाटल्यावर चारेक दिवस हलकं पळून आधीच्या पायरीवरून पुढे जायचं आणि वरचा आकडा 62 ऐवजी 56 झाला तर होऊ द्यायचा. आणि 32चा हट्ट सगळ्यांनी धरू नये. वरच्या उदाहरणातली व्यक्ती लाँग रन किलोमीटरला 6:45 मिनिटांच्या वेगानं पळाली तर 32 ला 3 तास 36 मिनिटं लागतात. त्याहून संथ असाल तर साडेतीन तास झाले की घड्याळ बंद करा, मग अंतर 28 का असेना. आज आठवड्याला 15-20च पळत असाल, तर हा प्लॅन तुमच्यासाठी नाही. आधी दोन-तीन महिने सावकाश 40 पर्यंत या आणि पहिला आठवडा तिथून मोजा.