35 वर्षांची वाटचाल, आणि आता सकाळचा दुसरा चहा

येत्या 1 तारखेपासून दुकानाचं शटर मी उघडणार नाही. 1990 साली पलूसमध्ये मोटार भरायचं दुकान टाकलं. 35 वर्षं झाली, पुरे झाली. आमच्याकडे 'रिवाइंडिंग' म्हणत नाहीत, 'मोटार भरणं' म्हणतात. जळालेली तांब्याची तार काढायची, नवी भरायची आणि मोटार पुन्हा विहिरीवर पाठवायची. एवढ्याच कामावर घर झालं, मुलांची शिक्षणं झाली, आणि दोन कारागिरांचीही घरं उभी राहिली. म्हणून जाताना चार गोष्टी लिहून ठेवतो आहे.

किर्लोस्करवाडी आमच्या शेजारीच. 1910 पासून तिथं कारखाना आहे, त्यामुळे या भागात पंप आणि मोटार ही काही नवलाई नव्हती. मी आयटीआय करून एका जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली राहिलो. त्यांनी पहिले काही महिने मला तार भरूच दिली नाही. जळालेली मोटार उघडायची, बघायची आणि ती का जळाली ते सांगायचं, एवढंच काम. तेव्हा राग यायचा. पण आयुष्यभर पुरलं ते हेच शिक्षण.

कारण तार भरणं हात शिकतात. स्लॉट मोजायचे, कॉइल किती स्लॉट सोडून बसली आहे ते पाहायचं, एका कॉइलचे वेढे मोजायचे, मायक्रोमीटरने तारेची जाडी घ्यायची आणि जोडणी स्टार आहे की डेल्टा ते वहीत लिहायचं. हे सगळं तार तोडण्याआधी. मग स्लॉटमध्ये कागद, त्यात कॉइल, वर बांबूची पट्टी, टोकांना स्लीव्ह, शेवटी व्हार्निश आणि भट्टी. हौसेनं शिकणारा पोरगा वर्षभरात यात तयार होतो. जळण्याचं कारण ओळखायला मात्र वर्षानुवर्षं लागतात. आणि कारण कळलं नाही तर तीच मोटार महिन्याभरात परत दारात येते.

एक उदाहरण सांगतो. तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार. एप्रिलची खरड छाटणी झालेली, म्हणजे पाणी एक दिवसही चुकवून चालत नाही. 5 एचपीची मोनोब्लॉक, त्याच छाटणीत दुसऱ्यांदा जळालेली. पहिल्यांदा भरली होती दुसऱ्या दुकानात. पाहुणे रागातच आले, "कॉपर बोगस घातलंय का बघा." मी मागचं झाकण काढलं. दोन पोलच्या मोटारीत वायंडिंगचे सहा गट दिसतात. त्यातले चार कोळशासारखे काळे आणि समोरासमोरचे दोन नव्यासारखे तांबूस. असं दिसलं की तारेत खोट शोधायची नसते. ही जोडणी स्टार होती. स्टारमध्ये चालू मोटारीची एक फेज गेली की उरलेल्या दोन फेजांवर सगळा भार येतो, त्या जळतात आणि तिसरी शाबूत राहते. डेल्टा असती तर उलटं झालं असतं, दोन गट काळे आणि चार चांगले. सगळे सहाच्या सहा गट सारखे काळवंडले असते तर मी व्होल्टेज, अडकलेला इंपेलर किंवा ओव्हरलोड यांच्याकडे बोट दाखवलं असतं. आणि एकाच कॉइलवर एकच ठिपका जळालेला असता तर दोष भरणाऱ्याचा किंवा तारेचा.

पाहुणे म्हणाले, "फेज जायचा प्रश्नच नाही, फेज गेली की मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर बसवलाय." गेलो विहिरीवर. डीपीत फ्यूज शाबूत, पेटीत तिन्ही फेज बरोबर, प्रिव्हेंटरचा दिवा हिरवा. मग मेन बंद करून स्टार्टर उघडला. कॉन्टॅक्टरच्या तीन संपर्कांपैकी एक जळून खड्डा पडलेला, बोटानं दाबला तरी नीट टेकत नव्हता. म्हणजे लाईट येत होती तिन्ही फेजांची, पण मोटारीकडे जात होत्या दोनच. त्यांचा प्रिव्हेंटर फक्त येणारं व्होल्टेज बघणारा होता. त्याच्या पुढे स्टार्टरच्या आत काय तुटलंय ते त्याला दिसणारच नाही. ते कळायला मोटारीकडे जाणारा करंट मोजणारा प्रिव्हेंटर हवा. संपर्कांचा नवा संच बसवला, करंटवाला प्रिव्हेंटर लावला आणि ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवरच्या आकड्यावर आणून ठेवला. आधी कुणीतरी "सारखी ट्रिप होते" म्हणून तो पार वरच्या टोकाला नेऊन ठेवला होता. या दोन्ही वस्तूंचा खर्च मोटार भरण्याच्या खर्चापुढे किरकोळ. ती मोटार नंतर बरीच वर्षं चालली. आमच्याकडे आली ती बेअरिंगसाठी.

असे गिऱ्हाईक मी पुष्कळ गमावलेही. मोटार जळाली नाही तर दुकान कसं चालणार, असं शेजारी हसून म्हणायचे. पण ज्याची मोटार टिकली तोच भावाला, पाहुण्याला आमच्याकडे पाठवायचा. जाहिरातीचा एक रुपयाही मी कधी खर्च केला नाही, त्याचं कारण हेच.

आता सकाळचं सांगतो, कारण निवृत्तीची खरी गंमत तिथं आहे. आमच्या धंद्याची वेळ ठरवली ती शेतीच्या लाइटीनं. आठवड्यातले काही दिवस दिवसा लाईट, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला शेतकरी ऑटो लावून झोपायचा. लाईट आली की पंप आपोआप सुरू. त्यात डीपीतला एक फ्यूज उडाला, किंवा व्होल्टेज तीनशेच्या आसपास लोंबकळत राहिलं, की मोटार नुसती गुणगुणत बसायची आणि पहाटेपर्यंत संपायची. 415 व्होल्टची मोटार 300 वर आली की तिची ओढण्याची ताकद निम्मीच उरते, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबात घटते. पंप सुरूच होत नाही, आणि जागेवर अडकलेली मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट खाते. मग उजाडायच्या आत ट्रॅक्टर नाहीतर मोटरसायकल दारात. "दादा, दुपारपर्यंत द्या, उद्या पाळी नाही." बायको आधी चहा टाकायची आणि मग मला उठवायची. नंतर नंतर ती मला न उठवताच पाटीवरचे आकडे वहीत उतरवून घ्यायची. कॉइलही तिनं फर्म्यावर वर्षानुवर्षं काढल्या. दुकानाच्या पाटीवर तिचं नाव नाही, पण पहिल्या दहा वर्षांतल्या निम्म्या मोटारींत तिच्या हातचे वेढे आहेत.

2005 आणि 2019 च्या महापुरांचंही सांगायला हवं. कृष्णाकाठचे शेतकरी पाणी चढायला लागलं की मोटारी वर काढतात, पण तेव्हा पाणी इतकं वाढलं की काढून ठेवलेल्या मोटारीही बुडाल्या. पूर ओसरल्यावर दुकानासमोर गाळानं भरलेल्या मोटारींची रांग लागली. काही ठिकाणी सगळ्या सरसकट भरून देण्याचा सपाटा सुरू होता. ते मला पटलं नाही. नुसती बुडालेली मोटार जळालेली नसते. पाण्यात असताना लाईट दिली नसेल तर बहुतेक वेळा ती वाचते. आम्ही त्या खोलायचो, स्वच्छ गोड्या पाण्यानं गाळ धुवायचो आणि आत मोठे बल्ब लावून सावकाश वाळवायचो. भट्टी असली तरी आच बेताचीच. घाईनं तापवली की आत अडकलेली वाफ इन्सुलेशन फोडते.

दर दोन-तीन तासांनी इन्सुलेशन किती सुधारलं ते मोजायला मेगर लावायचा. इथं नवखा माणूस हमखास घाबरतो, कारण तापायला लागल्यावर आकडा आधी खाली जातो. ओल तारेभर पसरते म्हणून तसं होतं. धीर धरला की तो चढू लागतो. आकडा एक मेगोहमच्या खाली असेपर्यंत मोटारीला लाईट दाखवायची नाही, हा आमचा नियम. पण एकवर आला म्हणून लगेच जोडायचीही नाही. चढता चढता स्थिरावला की मग जोडायची. बेअरिंग मात्र बदलायचीच, त्यातला गाळ धुतल्यानं जात नाही. भरायला लागतील तेवढ्याच मोटारी भरल्या आणि बाकीच्या वाळवण्याच्या मजुरीत दिल्या. त्या दोन पावसाळ्यांनी आम्हाला जी माणसं जोडून दिली, ती अजून दिवाळीला फराळ घेऊन येतात.

उद्या दुकान कुणाकडे, असं बरेच जण विचारतात. मुलगा पुण्यात नोकरीत आहे, त्याला ओढायचं नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं. दोन्ही कारागिरांकडे दुकान सोपवलं आहे. हत्यारं, फर्मे आणि वह्या त्यांच्याच. या वह्यांत तालुक्यातल्या बहुतेक मोटारींचे स्लॉट, वेढे आणि गेज आहेत. जुन्या कंपन्यांचे आकडे आता दुसरीकडे मिळायचे नाहीत.

त्यांचं काम माझ्यापेक्षा वेगळं असणार. सौर पंप वाढत आहेत, फीडर सौरवर जात आहेत आणि बऱ्याच गावांत दिवसा लाईट मिळू लागली आहे. दिवसा लाईट म्हणजे माणूस पंपाजवळ असतो, आवाज बदलला की बंद करतो. रात्री जळणाऱ्या मोटारी कमी होतील. धंद्याला थोडी झळ बसेल, पण शेतकऱ्याची झोप वाचेल, त्यात मला आनंदच आहे. सौर पंपात दुखणं बहुतेक वेळा कंट्रोलरचं असतं, आणि काहींची मोटारही साधी इंडक्शनची नसते. धाकटा कारागीर ते शिकून आला. मला त्यातलं अर्धंच कळतं, आणि आता कळलं नाही तरी चालेल.

मिस्त्रींचे, गिऱ्हाइकांचे, उधारीवर तार देणाऱ्या सांगलीच्या व्यापाऱ्यांचे आणि घरच्यांचे आभार. पाहुण्यांची उधारी अजून थोडी येणं आहे. ती कारागिरांकडे द्यावी, माझ्याकडे आणू नये.

दुकान आता सकाळी नऊला उघडेल. माझा फोनही नऊपर्यंत बंद असेल. बायकोला सवयीनं पाचला जाग येते, पण ती म्हणते आहे की कूस बदलून परत झोपायचा सराव करायचा. मला पहिल्या चहानंतर पेपर वाचून दुसरा चहा घ्यायचा आहे, इतकी वर्षं तो दुकानातच अर्धा थंड प्यायलो. घरी या, बसू, गप्पा मारू. फक्त येताना गाडीत मोटार घालून आणू नका. आणलीच, तर झाकण काढून बघेन, पण भरायला दुकानातच पाठवीन.