ऑपरेशन नाही, फक्त नंबर काढला होता

ठाण्याच्या ज्या नेत्ररुग्णालयात मी ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करतो, तिथे मोतीबिंदूच्या प्रत्येक रुग्णाला बायोमेट्रीपूर्वी, म्हणजे डोळ्यात बसवायच्या लेन्सची शक्ती ठरवणाऱ्या मोजणीपूर्वी, एक छापील अर्ज भरावा लागतो. त्यात ‘पूर्वी डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे का?’ असा प्रश्न आहे. पांचपाखाडीहून आलेल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या 52 वर्षांच्या बाईंनी त्यापुढे ‘नाही’ असे स्पष्ट अक्षरांत लिहिले होते, आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे ते खोटे नव्हते.

मोजणी आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलीने घेतली. हनुवटी टेकवून समोरच्या दिव्याकडे पाहायचे, एवढेच रुग्णाचे काम असते. बाकी यंत्र प्रकाशाच्या साहाय्याने डोळ्याची पुढून मागेपर्यंतची लांबी आणि कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, वक्रता मोजते. उजव्या डोळ्याची लांबी 26.80 मिलिमीटर आली आणि कॉर्नियाची सरासरी शक्ती, म्हणजे आमच्या बोलीतले ‘के रीडिंग’, 38.00 डायप्टर. यंत्राने सगळ्या मोजण्यांपुढे हिरवी खूण केली आणि SRK/T या सूत्राने साडेसतराच्या लेन्सची शिफारस केली. मुलीने कागद छापून फायलीत लावला. मी तिला दोष देत नाही, कारण हिरवी खूण दिसली की थांबायचे, हेच आपण शिकवतो. मोजणी स्थिर आली एवढेच ती खूण सांगते. मोजलेल्या आकड्याचा अर्थ बरोबर लावला गेला आहे की नाही, हे तिला कळत नाही.

मला खटकला तो चष्मा. जवळजवळ सत्तावीस मिलिमीटर लांबीचा डोळा म्हणजे साधारणपणे मोठ्या उणे नंबरचा डोळा, आणि बाईंचा चालू चष्मा होता उणे अडीचचा, तोही गेल्या वर्षी लागलेला. मोतीबिंदूचा गाभा घट्ट होत गेला की एवढा उणे नंबर त्यानेही येतो. मग लांबीचा नंबर गेला कुठे? शिवाय दोन्ही डोळ्यांचे के रीडिंग 38 च्या आसपास होते, जे जन्मजात कॉर्नियात क्वचितच दिसते. मी टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या वक्रतेचा नकाशा, काढली. नकाशात मधोमध सपाट निळा गोल आणि त्याच्या कडेने उठावाचे कडे दिसले. मध्यभागी कॉर्नियाची जाडी फक्त 462 मायक्रॉन होती.

“ताई, कधी लेसर करून घेतलं होतं का?” मी विचारले.

“हो, 2004 मध्ये. नंबर काढला होता. पण ते ऑपरेशन नव्हतं हो, दहा मिनिटांत झालं होतं.”

लेसरने नेमके काय बिघडते, हे समजण्यासाठी एक जुने, साधे सूत्र पुरेसे आहे: P = A − 2.5L − 0.9K. इथे P ही लेन्सची शक्ती, L ही डोळ्याची लांबी, K ही कॉर्नियाची शक्ती आणि A हा त्या बनावटीच्या लेन्सचा स्थिरांक. लांबीत एक मिलिमीटर चुकलो तर अडीच डायप्टर चुकतो, म्हणून पूर्वी सगळी धास्ती लांबीची असे. प्रकाशावर चालणाऱ्या यंत्रांनी ती बरीच कमी केली. लेसर झालेल्या डोळ्यात मात्र लांबी बरोबर असते आणि दगा K देतो, तोही दोन ठिकाणी.

पहिले ठिकाण यंत्राच्या आत आहे. यंत्र कॉर्नियाची शक्ती मोजत नाही. ते फक्त पुढच्या पृष्ठभागाची त्रिज्या मोजते, तीही केंद्राभोवतीच्या सुमारे तीन मिलिमीटर व्यासाच्या कड्यावर, आणि 337.5 ला त्या त्रिज्येने भागून डायप्टर दाखवते. मागचा पृष्ठभाग त्याला दिसत नाही. पुढच्या आणि मागच्या वक्रतेचे नैसर्गिक प्रमाण गृहीत धरून मागच्याचा हिशेब त्या 337.5 मध्येच उरकलेला असतो. लेसर फक्त पुढची बाजू सपाट करतो, मागची तशीच राहते, प्रमाण मोडते आणि यंत्र खऱ्यापेक्षा जास्त शक्ती दाखवते. शिवाय सर्वांत सपाट भाग त्या कड्याच्या आत राहून जातो.

दुसरे ठिकाण सूत्रात आहे, आणि ते शिकाऊंना समजावताना मला नेहमी जास्त वेळ लागतो. बसवलेली लेन्स डोळ्यात किती खोल स्थिरावेल हे आधी मोजता येत नाही, त्याचा अंदाज बांधावा लागतो. 1990 चे SRK/T तो लांबी आणि K यांवरून बांधते: कॉर्निया सपाट असेल तर लेन्स पुढे बसेल, असे त्याचे गणित. लेसरने सपाट केलेल्या डोळ्याची आतली रचना मात्र पूर्वीचीच असते. पुढे बसणाऱ्या लेन्सला कमी शक्ती पुरते, म्हणून सूत्र कमी शक्ती सुचवते. म्हणजे उणे नंबर काढलेल्या डोळ्यात दोन्ही चुका एकाच दिशेने जातात आणि रुग्ण अधिक, म्हणजे प्लस, नंबरचा होऊन बसतो, ज्याला चष्म्याशिवाय ना लांबचे स्पष्ट दिसते ना जवळचे.

बाईंच्या यजमानांनी माळ्यावरून जुनी फाईल शोधली, त्यात आठवडा गेला. लेसरपूर्वीचे K 43.50, नंबर उणे 7, आणि सहा महिन्यांनंतर नंबर शून्य. चष्म्यातला उणे 7 कॉर्नियाच्या पातळीवर सुमारे 6.46 होतो, तो 43.50 मधून वजा केला की कॉर्नियाची शक्ती 37.04 येते, म्हणजे यंत्राने जवळजवळ एक डायप्टर जास्त दाखवला होता. हा आकडा SRK/T मध्ये घातला तेव्हा, ज्याला जवळची लेन्स साडेसतराची होती त्या 17.6 चे 18.7 झाले. मग 2003 साली नेत्रतज्ज्ञ आरामबेरी यांनी मांडलेल्या ‘दुहेरी के’ पद्धतीने लेन्सच्या जागेसाठी जुने 43.50 आणि प्रकाशाच्या गणितासाठी 37.04 वापरले, तेव्हा 20.9 आले. सूत्रातली चूक यंत्रातल्या चुकीच्या दुप्पट निघाली! जुन्या नोंदींशिवाय चालणाऱ्या Haigis-L आणि Barrett True-K या सूत्रांचे उत्तर मात्र वीसच्या आसपास होते.

आमच्या डॉक्टर मॅडमनी 20.5 ची लेन्स निवडली. चुकायचेच असेल तर उणे बाजूला चुकावे, कारण उणे अर्ध्या नंबरवर जवळचे निदान थोडे तरी वाचता येते. महिन्याने उजव्या डोळ्याचा नंबर उणे 0.50 आला. म्हणजे शून्य नंबरसाठी वीसहून किंचित कमी शक्ती पुरली असती, आणि ज्या कागदासाठी आम्ही आठवडाभर थांबलो त्याच्यापेक्षा कागद न मागणारी सूत्रे जवळ होती. सहा महिन्यांनंतरचा शून्य हा पुढे कुठे सरकला, की 2004 मध्ये कोणी K घाईत लिहिला, हे आता शोधून काढता येणार नाही. पण त्या पद्धतीत जुन्या नोंदीतली एका डायप्टरची चूक कॉर्नियाच्या आकड्यात जशीच्या तशी उतरते. साडेसतराची लेन्स बसली असती तर नंबर अधिक दीडच्या वर गेला असता, आणि ‘मोतीबिंदू काढला तरी दिसत नाही’ ही तक्रार आमच्या खिडकीवर आली असती.

डावा डोळा पुढच्या बुधवारी आहे. त्याच्या फायलीतल्या नोंदीही 2004 च्याच हातच्या आहेत, म्हणून या वेळी उजव्या डोळ्याच्या निकालाला जास्त वजन द्यावे असे मी मॅडमना सुचवले आहे. अर्जावरचा प्रश्न बदलून ‘लेसरने चष्म्याचा नंबर काढला आहे का?’ असा करावा, ही विनंती मी व्यवस्थापनाकडे दिली आहे. जुने छापील अर्ज संपल्यावर बघू, असे उत्तर आले. तोपर्यंत अर्जावर शिक्का मारण्यापूर्वी तो प्रश्न मी तोंडीच विचारतो.