‘वैयक्तिक लक्ष’ खोडून तिथे काय लिहिलं

माझ्या क्लासच्या जुन्या पत्रकावर पाच ओळी होत्या: ‘हमखास यश’, ‘१००% निकाल’, ‘प्रत्येक विद्यार्थ्याकडे वैयक्तिक लक्ष’, ‘अनुभवी शिक्षक’ आणि ‘५ वी ते १० वी सर्व विषय’. मे महिन्यात पेपरात घालून येणारं कुठलंही पत्रक उचललं तर याच ओळी दिसतात. त्यामुळे पालकांचा फोन यायचा तो फक्त फी विचारायला. बाकी सगळं सारखंच असेल, तर त्यांनी दुसरं विचारायचं तरी काय? मी त्या पाचही ओळी वहीत उतरवल्या आणि प्रत्येकीला एकच कसोटी लावली: हे खरं आहे की नाही, हे पालकाला क्लासला येऊन पाहता येईल का? एकही ओळ टिकली नाही.

विषयांची ओळ बदलणं सर्वांत सोपं होतं. मी खरोखर नीट शिकवते ते दहावीचं गणित, तेही राज्य मंडळाचं आणि सेमी-इंग्रजीचं. म्हणून तेवढंच लिहिलं: ‘गणित भाग १ (बीजगणित) आणि भाग २ (भूमिती)’. माध्यम लिहिणं फार गरजेचं आहे. गणितं तीच असली तरी शब्द वेगळे असतात. एका मुलाच्या पुस्तकात ‘निर्देशक भूमिती’ आहे आणि फळ्यावर ‘कोऑर्डिनेट जॉमेट्री’, तर तो पहिला महिना नुसते शब्द जुळवण्यात घालवतो. खाली एक ओळ वाढवली: ‘विज्ञान शिकवत नाही.’ या ओळीने चौकश्या कमी होतात हे खरं, पण ज्या येतात त्या कामाच्या असतात.

‘वैयक्तिक लक्ष’ या शब्दांच्या जागी आकडा हवा होता, आणि तो आकडा घड्याळावरून काढला. माझा तास दीड तासाचा, म्हणजे ९० मिनिटांचा. एका मुलाची वही समोर घेऊन तो कुठल्या पायरीला चुकला हे त्याला दाखवायला साधारण ४ मिनिटं लागतात. १० मुलं असतील तर ४० मिनिटं वह्यांना आणि ५० शिकवण्याला. तीच बॅच १६ ची झाली की वह्यांनाच ६४ मिनिटं जातात आणि शिकवायला २६ उरतात. मग वह्या घरी नेऊन नुसती बरोबर-चूकची खूण करून परत देणं सुरू होतं, आणि ते काही लक्ष देणं नव्हे. म्हणून पत्रकावर आलं: ‘एका बॅचमध्ये १० च मुलं. रोज प्रत्येकाची वही वर्गातच तपासली जाते.’

हा आकडा छापल्यावर पाळावाच लागतो. जुलैत ओळखीतलं कुणी तरी ‘एवढा एक घ्या हो’ म्हणत येतंच. अकरावा घेतला तर बारावा नाकारायला कारण उरत नाही. मुलाला सोडायला आलेली आई दाराबाहेरच्या चपलांचे जोड मोजते. पत्रकात १० आणि दारात १४ जोड दिसले, की पत्रकातल्या बाकीच्या ओळीही खोट्या ठरतात. खात्री नसेल तर १० ऐवजी १२ लिहावं आणि १० वर थांबावं.

पद्धतीच्या ओळीत ‘नियमित चाचण्या’ असं लिहून काहीच सांगितलं जात नाही. मी लिहिलं: ‘महिन्यातून दोन शनिवारी बोर्डासारखाच ४० गुणांचा, २ तासांचा पेपर. तपासलेला पेपर पुढच्या मंगळवारी घरी.’ दर शनिवारी असं आधी लिहिलं होतं, पण गणपती, दिवाळी आणि शाळेच्या सत्रपरीक्षा धरल्या तर ते जमत नाही. मंगळवारही हिशेबाने ठरवला. एक पेपर पायऱ्यांचे गुण देत तपासायला २० मिनिटं धरली, तर १० पेपरांना ३ तास २० मिनिटं लागतात. सोमवारचा वायदा एखाद्या आठवड्यात मोडला असता. आणखी एक तपशील दिला: ‘भूमितीच्या सिद्धतेत प्रत्येक पायरीसमोर कारण लिहून घेतलं जातं.’ दहावीच्या पालकाला ही ओळ लगेच कळते, कारण मुलाच्या पेपरात नेमके तिथलेच गुण गेलेले त्याने पाहिलेले असतात.

सर्वांत जास्त वेळ निकालाच्या ओळीने घेतला. ‘१००% निकाल’ कसा तयार होतो ते आधी पाहू. जे मूल काठावर आहे, ते दिवाळीनंतर क्लास सोडतं किंवा त्याला सोडायला लावलं जातं, आणि मार्चच्या यादीत त्याचं नाव नसतं. म्हणून मी यादी जूनच्या हजेरीपासून धरली. जूनमध्ये १४ मुलं आली होती, दोन बॅचमध्ये सात-सात. दोघांनी मध्येच सोडलं, १२ जण परीक्षेला बसले. गणितात ८० च्या वर ४, ६० ते ७९ मध्ये ५, ३५ ते ५९ मध्ये २ आणि एक नापास. हे जसंच्या तसं छापलं, नापास झालेल्यासकट. पालक पत्रक घेऊन आले की बोट त्याच आकड्यावर ठेवतात आणि विचारतात, ‘हा का राहिला?’ त्याची हजेरी निम्मीसुद्धा नव्हती आणि मी घरी कळवायला उशीर केला, हे मी सांगते. आता सलग तीन दिवस गैरहजेरी झाली की घरी फोन जातो. तेही पत्रकात आहे.

प्रगती दाखवायची असेल तर एक चूक हमखास होते. शाळेची पूर्वपरीक्षा ४० आणि ४० अशी ८० गुणांची असते, तर बोर्डाच्या निकालात गणित १०० पैकी असतं, कारण त्यात शाळेने दिलेले अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण मिसळलेले असतात. पूर्वपरीक्षेत ४४ आणि बोर्डात ६५, म्हणून ‘२१ गुणांची वाढ’ असं लिहिणं साफ चुकीचं आहे. शाळेकडून १८ मिळाले असतील, तर लेखी पेपरात ते मूल ४७ वर आहे. खरी वाढ ३ गुणांची. तुलना करायची तर सत्रपरीक्षेचे ८० आणि पूर्वपरीक्षेचे ८० एकमेकांशेजारी ठेवावेत.

मुलांची नावं आणि फोटो मी काढून टाकले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात विद्यार्थ्याचं नाव किंवा फोटो वापरायला त्याची लेखी संमती लागते. या सूचना मोठ्या क्लासेसना डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या असल्या, तरी दहावीच्या मुलाचे गुण त्याच्या फोटोखाली चौकात लावू नयेत, असं मला मनापासून वाटतं. त्याऐवजी पालकांना एक ओळ दिली: ‘जुन्या बॅचच्या दोन पालकांशी बोलायचं असल्यास सांगा.’ त्या पालकांना आधी विचारूनच.

आता पत्रक असं आहे:

‘दहावी गणित, राज्य मंडळ, सेमी-इंग्रजी. भाग १ व २. एका बॅचमध्ये १० च मुलं. सोम ते शुक्र, संध्या. ६ ते ७:३०. वही रोज वर्गात तपासली जाते. महिन्यात दोन पेपर, ४० गुण, २ तास. तपासून मंगळवारी घरी. सलग तीन दिवस गैरहजर राहिल्यास घरी फोन. मागील वर्षी जूनमध्ये १४ जण आले, २ जणांनी सोडलं, १२ जण परीक्षेला बसले: ८० च्या वर ४, ६०–७९: ५, ३५–५९: २, नापास १. विज्ञान शिकवत नाही. जुन्या पालकांशी बोलता येईल. पहिले तीन दिवस बसून पाहा, फी नंतर.’

चौकातल्या फ्लेक्सवर एवढं मावत नाही, आणि गाडीवरून जाणारा माणूस ते वाचणारही नाही. तिथे पहिल्या दोन गोष्टी आणि फोन नंबर पुरे. बाकीचं पत्रकावर आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायच्या मेसेजमध्ये. निकालाची ओळ दरवर्षी दहावीचा निकाल लागला की त्याच आठवड्यात बदलायची, आकडे उतरले असले तरीही.