शस्त्रक्रिया पोटाची, दुखणे घशाचे
काल पुण्यात माझ्या पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली आणि आज सकाळी टाक्यांपेक्षा घसाच अधिक दुखत असल्याने चहाचा पहिला घोटही (पुणेकराला!) नकोसा झाला. भूलतज्ज्ञ बाईंनी समजावले, की पूर्ण भूल दिल्यावर स्वरतंतूंमधून श्वासनलिकेत नळी घालतात आणि तिच्या टोकाजवळचा छोटा फुगा हवेने फुगवतात, जेणेकरून पोटातले पाणी फुप्फुसात उतरत नाही. मात्र नळीच्या घर्षणाने आणि फुग्याच्या दाबाने आतले नाजूक अस्तर सुजते. म्हणूनच फुग्यातला दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटर उंच स्तंभाच्या दाबाइतकाच ठेवतात. हे दुखणे बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरते. आवाज आठवड्यानंतरही घोगरा राहिल्यास दाखवायला या, आणि श्वास अडल्यास किंवा गिळताच येत नसल्यास ताबडतोब, असे त्यांनी बजावले. तूर्त कोमट पाण्याचे घोट घेत आहे.